चौसष्ट चकत्या, चौदा ढीग

सहा मणी गोलात बसवायचे आहेत. प्रत्येक मणी तांबडा असेल किंवा पांढरा. एक माळ नुसती फिरवून दुसरीसारखी दिसायला लागली, तर त्या दोन माळा एकच धरायच्या. मग वेगवेगळ्या माळा एकूण किती?

आमच्या शाळेत शनिवारी दुपारी मी आठवी-नववीच्या मुलांबरोबर गणिताचा एक तास घेते. हा प्रश्न फळ्यावर लिहिला की निम्मा वर्ग लगेच वहीकडे वळतो. प्रत्येक मण्याला दोन पर्याय, मणी सहा, म्हणून दोनचा सहावा घात, ६४. प्रत्येक माळ सहा तऱ्हांनी फिरवून ठेवता येते, म्हणजे एकेक माळ सहा-सहा वेळा मोजली गेली. तेव्हा ६४ भागिले ६. इथपर्यंत सगळे भराभर येतात आणि मग पेन थांबतात. भागाकार दहा, बाकी चार. माळांची संख्या अपूर्णांकात कशी येईल? मागच्या बाकावरून कोणीतरी "बाई, मग अकरा धरायच्या का?" असं विचारतंच. जवळच्या पूर्णांकापर्यंत नेण्याची सवय शाळेनेच लावलेली असते. उत्तर अकरा नाही, त्याहून बरंच मोठं आहे. ते नेमकं किती, यापेक्षा बाकी चार कुठून आली हे मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं, असं मला वाटतं. त्यासाठी सगळ्या चौसष्टच्या चौसष्ट रचना करून बघण्याला पर्याय नाही.

खरे मणी ओवून हे करता येतं, पण त्यात एक घोळ आहे. दोऱ्यात ओवलेली माळ हातात घेतली की मुलं ती फिरवतात तशी उलटीही करतात, आणि उलटी केली की मण्यांचा क्रम आरशात दिसावा तसा बदलतो. आपल्या प्रश्नात फिरवण्याची मुभा आहे, पालथी घालण्याची नाही. म्हणून मी जाड पुठ्ठ्याच्या चकत्या वापरते. चकतीच्या काठाला सारख्या अंतरावर सहा गोल छापलेले असतात आणि मागची बाजू कोरी असते, त्यामुळे चकती पालथी घातली तर लगेच कळतं. वर्गात चौसष्ट चकत्या वाटल्या जातात आणि प्रत्येक चकतीवर वेगळी रचना रंगवायची असते. काही सुटू नये म्हणून मुलं तांबड्या मण्यांच्या संख्येने कामाची वाटणी करतात: एकही तांबडा नाही अशी १, एक तांबडा असलेल्या ६, दोन असलेल्या १५, तीन असलेल्या २०, आणि मग उलट्या क्रमाने पुन्हा १५, ६, १.

रंगवून झालं की ढीग लावायचे. जी चकती फिरवून दुसरीसारखी होते ती तिच्या ढिगात जाते. सुरुवातीला हे काम नजरेने होतं आणि वर्गात गलका असतो. मग मुलांच्या लक्षात येतं की चकती फिरवत बसण्यापेक्षा तिच्यावर काहीतरी लिहून ठेवणं सोपं. बहुतेक गट थोड्या वेळाने एकाच युक्तीवर येतात. एका तांबड्या मण्यापासून पुढच्या तांबड्या मण्यापर्यंत किती घरं जावं लागतं, ते घड्याळाच्या दिशेने लिहीत जायचं. तीन तांबडे मणी लागोपाठ असतील तर १-१-४. एक सोडून एक तांबडा असेल तर २-२-२. या आकड्यांची बेरीज नेहमी सहा भरते, कारण शेवटी आपण पूर्ण फेरी मारून आलेलो असतो. आता चकती कशीही धरा, अंतरांचा क्रम तोच राहतो, फक्त वाचायला कुठून सुरुवात केली तेवढं बदलतं. तेही ठरवून टाकायचं असेल तर सगळ्या सुरुवाती लिहून पाहाव्यात आणि शब्दकोशाच्या क्रमाने जी सगळ्यात आधी येईल ती त्या माळेची खूण धरावी. ४-१-१ आणि १-४-१ या दोन्हींची खूण मग १-१-४ हीच होते.

तीन तांबड्या मण्यांच्या वीस चकत्यांचं टेबल मी नेहमी जवळ जाऊन बघते, कारण खरी मेख तिथे असते. सहाचे तीन तुकडे करून ते गोलात मांडायचे तर चार क्रम होतात: १-१-४, १-२-३, १-३-२ आणि २-२-२. मधले दोन क्रम मुलं हटकून एकत्र टाकतात, कारण तुकडे तेच आहेत: एक, दोन आणि तीन. पण घड्याळाच्या दिशेने चालताना एका चकतीवर एकनंतर दोन येतो आणि दुसरीवर एकनंतर तीन. कितीही फिरवलं तरी पहिलीची दुसरी होत नाही. पालथी घातली तर मात्र होते. दोऱ्याची माळ असती तर या दोन्ही माळा एक ठरल्या असत्या आणि एकूण उत्तर एकाने कमी आलं असतं.

अशी गफलत मुलांना स्वतःलाच पकडता येते, आणि ती कशी पकडायची हे कळणं मला या सगळ्या खटाटोपातला फार मोलाचा भाग वाटतो. चकती फिरवण्याच्या तऱ्हा सहाच आहेत, तेव्हा एका ढिगात सहापेक्षा जास्त चकत्या असूच शकत नाहीत. दोन्ही क्रम एकत्र टाकलेल्या ढिगात बारा निघतात. तो ढीग बघताक्षणी चुकलेला म्हणायचा. उलट एखाद्या ढिगात पाच किंवा चार चकत्या असतील तर एखाद-दुसरी भलतीकडे गेली आहे किंवा रंगवायची राहिली आहे. ढिगातल्या चकत्यांची संख्या सहाला नि:शेष भागणारीच असायला हवी: एक, दोन, तीन किंवा सहा.

ढीग नीट लागले की मोजायचं. एकही तांबडा नाही, १. एक तांबडा, १. दोन तांबडे, ३ (अंतरं १-५, २-४, ३-३). तीन तांबडे, ४. मग पुन्हा ३, १, १. एकूण चौदा ढीग.

आता बाकी चारचा उलगडा टेबलावरच पडलेला असतो. चौदापैकी नऊ ढिगांमध्ये सहा-सहा चकत्या आहेत, म्हणजे ५४. उरलेल्या दहा चकत्या पाच लहान ढिगांत वाटल्या गेल्या आहेत. सगळे तांबडे आणि सगळे पांढरे या दोन ढिगांत प्रत्येकी एकच चकती, कारण त्या फिरवून काही फरकच पडत नाही. एक सोडून एक तांबडा असलेल्या २-२-२ च्या ढिगात दोन. समोरासमोर दोन तांबडे असलेल्या ३-३ च्या ढिगात तीन, आणि समोरासमोर दोन पांढरे असलेल्या १-२-१-२ च्या ढिगात तीन. भागाकार करताना प्रत्येक माळ सहा वेळा मोजली गेली असं आपण गृहीत धरलं होतं. या पाच माळा तेवढ्या वेळा मोजल्याच गेल्या नव्हत्या. ज्या रचनेत स्वतःचीच पुनरावृत्ती आहे तिला वेगळ्या दिसणाऱ्या सहा तऱ्हा मिळत नाहीत.

मण्यांची संख्या सहा असताना हे असं हाताने बघता येतं. बारा मणी झाले की रचना ४,०९६ होतात आणि पुठ्ठा संपतो. तेव्हा ढीग न लावता ढिगांची संख्या काढण्याची एखादी रीत हवी. ती रीत सापडण्यासाठी मी मुलांना एक मोठा तक्ता करायला लावते. उभ्या बाजूला चौसष्ट चकत्या, आडव्या बाजूला फिरवण्याच्या सहा तऱ्हा: शून्य घरं, एक घर, दोन घरं, अशी पाचपर्यंत. एखादी चकती तेवढी घरं फिरवल्यावर होती तशीच दिसली तर त्या चौकोनात टिंब द्यायचं. शून्य घरांच्या रकान्यात अर्थातच सगळीकडे टिंबं येतात. बाकीचे रकाने जवळजवळ रिकामे राहतात. काम कंटाळवाणं आहे, पण गटागटात वाटून घेतलं की तास संपायच्या आत होतं.

मग ढिगांप्रमाणे टिंबं मोजायची. सगळ्या तांबड्या मण्यांची चकती एकटीच सहा टिंबं घेऊन बसते, कारण कशीही फिरवली तरी ती तशीच. २-२-२ च्या ढिगातल्या दोन चकत्यांना प्रत्येकी तीन टिंबं आहेत, शून्य, दोन आणि चार घरांसाठी. दोन त्रिक सहा. ३-३ च्या ढिगातल्या तीन चकत्यांना प्रत्येकी दोन, शून्य आणि तीन घरांसाठी. पुन्हा सहा. साध्या ढिगात सहा चकत्या, प्रत्येकीला शून्याच्या रकान्यातलं एकच टिंब. तिथेही सहा. लहान ढीग असो की मोठा, प्रत्येक ढिगाच्या वाट्याला बरोबर सहा टिंबं येतात.

हा योगायोग नाही, हे एखाद्या ढिगावर बोट ठेवून पटवता येतं. कोणतीही एक चकती उचला आणि तिला सहाही तऱ्हांनी फिरवून प्रत्येक वेळी काय दिसतं ते लिहून ठेवा. सहा नोंदी होतील आणि त्यांत त्या ढिगातल्या सगळ्या चकत्या दिसतील. प्रत्येक चकती सारख्याच वेळा दिसेल, कारण ज्या फिरवण्याने चकती जागच्या जागी राहते ती फिरवणी एखाद्या दुसऱ्या चकतीपर्यंत पोचण्याआधी करा किंवा पोचल्यावर करा, पोचण्याचे तेवढेच नवे मार्ग मिळतात. म्हणजे एका चकतीची टिंबं गुणिले ढिगातल्या चकत्या बरोबर सहा. नववीतल्या एका मुलीने हे फार छान सांगितलं होतं. ती म्हणाली, "बाई, ढीग जेवढा लहान, तेवढी त्यातली चकती जास्त वेळा तशीच राहते, म्हणून हिशेब सारखाच होतो."

प्रत्येक ढिगाला सहा टिंबं, म्हणून ढीग किती हे कळायला एकूण टिंबं मोजून सहाने भागायचं. आणि एकूण टिंबं मोजायला चकत्यांच्या ओळींतून जाण्याची गरज नाही, रकान्यांतून जाता येतं. इथे सगळं कोडं सुटतं, कारण एका रकान्यातली टिंबं न रंगवता, न फिरवता, नुसत्या विचाराने मोजता येतात.

दोन घरं फिरवण्याचा रकाना घ्या. पहिला मणी तिसऱ्याच्या जागी जातो, तिसरा पाचव्याच्या आणि पाचवा परत पहिल्याच्या. चकती तशीच दिसायची असेल तर या तिघांचा रंग एकच हवा. दुसरा, चौथा आणि सहावा यांचीही तशीच साखळी. साखळ्या दोन, प्रत्येकीला तांबडा किंवा पांढरा असे दोन पर्याय, म्हणून टिंबं चार. तीन घरं फिरवली तर पहिला-चौथा, दुसरा-पाचवा, तिसरा-सहावा अशा तीन साखळ्या, म्हणून आठ. एक घर फिरवलं तर सगळ्या मण्यांची एकच लांब साखळी, म्हणून दोन. चार घरं पुढे म्हणजे दोन घरं मागे, पाच म्हणजे एक घर मागे. आणि शून्य घरं फिरवली तर प्रत्येक मणी आपापला, साखळ्या सहा, टिंबं चौसष्ट.

६४, २, ४, ८, ४, २. बेरीज ८४. भागिले सहा, चौदा.

साखळ्या किती होतील हेही शोधत बसावं लागत नाही. सहा मण्यांत दोन घरं फिरवली तर साखळ्या दोन, तीन फिरवली तर तीन, चार फिरवली तर पुन्हा दोन. हा प्रत्येक वेळी मण्यांची संख्या आणि घरांची संख्या यांचा मसावि आहे. सहा आणि चार यांचा मसावि दोन, म्हणून चार घरांच्या रकान्यात दोनचा वर्ग. पाचवीत शिकलेला मसावि एवढ्या वर्षांनी इथे उगवलेला पाहून मुलांना खरोखर आनंद होतो. शून्य घरांसाठी मसावि मण्यांच्या संख्येएवढाच धरायचा. मग रीत अशी: प्रत्येक फिरवणीसाठी मसावि काढा, दोनचा तेवढा घात घ्या, सगळ्यांची बेरीज करा, मण्यांच्या संख्येने भागा. दोनऐवजी तीन रंग असतील तर तीनचा घात घ्यायचा, बाकी काही बदलत नाही.

सात मण्यांवर ही रीत लावली तर हिशेब एकदम हलका होतो. सात मूळ संख्या आहे, त्यामुळे एक ते सहा यांतल्या कोणत्याही संख्येशी तिचा मसावि एकच. १२८ अधिक सहा वेळा २, म्हणजे १४०, भागिले सात, वीस.

गोलाकार रचनांची ही मोजणी १८७२ साली मोरो नावाच्या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याने प्रसिद्ध केली होती. टिंबं मोजून सरासरी काढण्याची सर्वसाधारण रीत पुस्तकांत बर्नसाइडच्या नावाने सापडते, पण विल्यम बर्नसाइडने १८९७ च्या आपल्या ग्रंथात ती फ्रोबेनियसची म्हणून दिली होती, आणि कोशीला ती त्याच्याही आधी ठाऊक होती. नाव मात्र बर्नसाइडचंच चिकटून राहिलं.

बारा मण्यांचा हिशेब मी घरी करायला देते. मसावि पाहा: एक, पाच, सात आणि अकरा घरांना १. दोन आणि दहाला २. तीन आणि नऊला ३. चार आणि आठला ४. सहाला ६. शून्याला १२. टिंबं अनुक्रमे ८, ८, १६, ३२, ६४ आणि ४,०९६. बेरीज ४,२२४, भागिले बारा, ३५२.

बारा मणी मी उगाच निवडत नाही. शाळेच्या संगीताच्या खोलीत एक हार्मोनियम आहे. तिच्या एका सप्तकात बारा पट्ट्या असतात आणि वरच्या सा पासून तेच चक्र पुन्हा सुरू होतं. एखाद्या स्वरसमूहात कोणत्या पट्ट्या घ्यायच्या हे ठरवणं म्हणजे बारा मण्यांतले काही तांबडे करणं. आणि सा एका पट्टीवरून दुसरीवर नेणं म्हणजे चकती फिरवणं. संगीतात याला मूर्च्छना म्हणतात. पट्ट्या तशाच ठेवायच्या आणि सा बदलायचा. म्हणजे आपल्या प्रश्नाची भाषा अशी होते: सा कुठे आहे हे विसरून गेलो, तर बारा पट्ट्यांतून किती वेगळे स्वरसमूह निघतात? रिकामा समूह आणि सगळ्या बारा पट्ट्यांचा समूह धरून ३५२.

पट्ट्यांचा रंगही इथे कामाला येतो. सात पांढऱ्या आणि पाच काळ्या, ही स्वतःच दोन रंगांची बारा मण्यांची माळ आहे. पांढऱ्या पट्ट्यांची अंतरं पांढरी एकपासून २-२-१-२-२-२-१ अशी येतात. तिथे सा धरला की बिलावल. पांढरी दोनला सा धरला की काफी, तीनला भैरवी, चारला कल्याण, पाचला खमाज, सहाला आसावरी. पांढरी सातला सा धरला की शुद्ध पंचमच मिळत नाही, म्हणून तिथे थाट नाही. पंडित विष्णु नारायण भातखंड्यांनी रूढ केलेल्या दहा थाटांपैकी सहा अशा रीतीने एकाच ढिगातल्या चकत्या आहेत. उरलेले चार म्हणजे भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी. त्यांची अंतरं लिहून पाहिली तर ते चारही वेगवेगळ्या ढिगांत जातात. दहा थाट, पाच माळा.

काळ्या पट्ट्यांची माळ तर कानाला लगेच ओळखू येते. काळी तीनला सा धरून काळ्या पट्ट्या वाजवा, भूपाचे स्वर. काळी चारला मधमाद सारंगाचे, काळी पाचला मालकंसाचे, काळी एकला दुर्गाचे, काळी दोनला धानीचे. पाच रागांचे स्वर, पण माळ एकच. गाणाऱ्या माणसाला हे राग एक म्हणून कोणी सांगायला जाणार नाही, आणि जाऊही नये. सा बदलला की रागाचा सगळा भाव बदलतो, आणि राग म्हणजे केवळ स्वरांची यादीही नव्हे. शिवाय बाराही अंतरं तंतोतंत सारखी आहेत हे हार्मोनियमवर खरं, गळ्यावर किंवा सतारीवर नाही. माळेचा हिशेब तेवढ्या मर्यादेतच धरायचा.

सात स्वर घ्यायचे तर बारातून सात निवडण्याच्या ७९२ तऱ्हा आहेत. इथे सरळ बाराने भागलं तरी चालतं, उत्तर ६६. कारण एखादी सात तांबड्यांची रचना फिरवूनही तशीच राहायची असेल तर तिचे तांबडे मणी सारख्या लांबीच्या साखळ्यांत पूर्ण बसायला हवेत. साखळीची लांबी दोन, तीन, चार, सहा किंवा बारा. सातला यांपैकी कशानेही भाग जात नाही. म्हणून लहान ढीग एकही नाही.

सहा स्वरांना मात्र जपावं लागतं. बारातून सहा निवडण्याच्या ९२४ तऱ्हा आणि ९२४ भागिले बारा बरोबर ७७. बाकी शून्य. सहा मण्यांच्या वेळी बाकीने आपल्याला सावध केलं होतं, इथे ती काहीच सांगत नाही आणि उत्तर तरीही चुकलेलं आहे. टिंबांनी मोजलं तर कळतं. शून्य घरांच्या रकान्यात ९२४. सहा घरांसाठी दोन-दोनच्या सहा साखळ्या होतात, त्यांतल्या तीन तांबड्या करायच्या, २० तऱ्हा. चार आणि आठ घरांसाठी तीन-तीनच्या चार साखळ्या, त्यांतल्या दोन तांबड्या, प्रत्येकी ६. दोन आणि दहा घरांसाठी सहा-सहाच्या दोन साखळ्या, त्यांतली एक तांबडी, प्रत्येकी २. तीन आणि नऊ घरांसाठी साखळ्या चार-चारच्या होतात आणि सहाला चारने भाग जात नाही, म्हणून तिथे काही नाही. उरलेल्या फिरवण्यांत बाराची एकच साखळी होते, तिथेही काही नाही. बेरीज ९२४ अधिक २० अधिक १२ अधिक ४, म्हणजे ९६०. भागिले बारा, ८०.

तीन माळांचा फरक नेमका कुठे पडला तेही दाखवता येतं. बारा चकत्यांचे पूर्ण ढीग ७५ आहेत. उरलेल्या २४ चकत्या पाच लहान ढिगांत बसल्या आहेत: सहा-सहाचे तीन, चारचा एक आणि दोनचा एक. दोनचा ढीग म्हणजे सा, शुद्ध रे, शुद्ध ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नी, प्रत्येक पायरी दोन पट्ट्यांची. सरळ भागाकाराने या चोवीस चकत्यांच्या दोन माळा धरल्या. प्रत्यक्षात त्या पाच आहेत.

चकती पालथी घालण्याची मुभा दिली तर हे सगळे आकडे बदलतात. बारा मण्यांच्या माळा ३५२ वरून २२४ वर येतात आणि सात स्वरांच्या ६६ च्या ३८ होतात. तेव्हा कोणत्या माळा एकमेकींत मिसळतात, याचं एक उदाहरण थाटांमध्येच आहे. पूर्वीची अंतरं १-३-२-१-१-३-१, तोडीची १-२-३-१-१-३-१. ठरलेल्या रीतीने खुणा काढल्या तर पूर्वीची १-१-३-१-१-३-२ येते आणि तोडीची १-१-२-३-१-१-३, म्हणजे फिरवून या दोन माळा एक होत नाहीत. पण पूर्वीची अंतरं तिच्या एकमेव दोनपासून सुरू करून उलट्या दिशेने वाचली तर २-३-१-१-३-१-१ येतात, आणि तोडीची दोनपासून सरळ वाचली तर तीच. हार्मोनियमवर हे बघायचं असेल तर सा आणि पंचम यांची अदलाबदल होईल असा आरसा धरायचा. पूर्वीचा सा पंचमावर जातो, पंचम सा वर येतो. कोमल रे आणि तीव्र म एकमेकांच्या जागी जातात, कोमल ध आणि शुद्ध नी एकमेकांच्या. त्यामुळे हे सहाही स्वर समूहात होते तसेच राहतात. फक्त शुद्ध गंधार एक पट्टी खाली, कोमल गंधारावर येऊन पडतो आणि हाताखाली तोडी असते.